नागपूरचा उन्हाळा आणि पृथ्वीचा कललेला अक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या लागल्या की नागपुरात ऋतूंबद्दल ठरावीक प्रश्न सुरू होतात. शाळकरी मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि कधी कधी शिकवणारेही. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आकडे शक्य तिथे नागपूरचेच घेतले आहेत. आपलं शहर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे, आणि त्यामुळे ही गोष्ट इथे फार स्वच्छ दिसते.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, म्हणून तापतं. बरोबर ना?

नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती ३ जानेवारीच्या आसपास, म्हणजे नागपुरात स्वेटर बाहेर निघालेले असतात तेव्हा. त्या वेळी अंतर सुमारे १४.७१ कोटी किलोमीटर असतं. सगळ्यात दूर ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात जाते, तेव्हा अंतर सुमारे १५.२१ कोटी किलोमीटर होतं. भूगोलाच्या पुस्तकात या दोन स्थितींना उपसूर्य आणि अपसूर्य म्हणतात.

तारखा पाठ नसल्या तरी ही कल्पना तपासता येते. २६ डिसेंबरला मेलबर्नला कसोटी सामना सुरू होतो. आपण इथे पहाटे दुलईत बसून तो बघतो आणि तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात. नागपूर आणि मेलबर्न एकाच पृथ्वीवर आहेत, त्यामुळे दोघांचं सूर्यापासूनचं अंतर त्या दिवशी जवळजवळ सारखंच असतं. अंतरामुळे ऋतू होत असते, तर दोन्हीकडे एकाच वेळी थंडी पडली असती. ऋतूंचं कुठलंही स्पष्टीकरण कानावर आलं की आधी ते डिसेंबरातल्या मेलबर्नला लावून बघा. तिथे टिकलं नाही, तर ते चूक आहे.

पण पुस्तकातल्या चित्रात कक्षा चांगली लांबट दाखवतात, त्याचं काय?

माझ्या मते या गैरसमजाचं सगळ्यात मोठं कारण ते चित्रच आहे. कक्षा तिरप्या बाजूने बघितल्यासारखी काढतात, म्हणून ती अंड्याच्या आकाराची दिसते, आणि मुलांना वाटतं की खरी कक्षाही तशीच आहे.

खरी कक्षा कागदावर काढायची असेल, तर कंपासने १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मध्यबिंदूपासून अडीच मिलिमीटर बाजूला एक ठिपका द्या आणि त्याला सूर्य म्हणा. झाली पृथ्वीची कक्षा. ती लंबवर्तुळ आहे हे खरंच, पण एवढ्या मोठ्या आकृतीत तिची लांबी आणि रुंदी यांतला फरक मिलिमीटरच्या वीसाव्या भागापेक्षाही कमी येतो. पेन्सिलची रेघ त्याहून जाड असते. लक्षात येण्याजोगं काही असेल, तर ते सूर्याचं मध्यापासून किंचित सरकलेलं असणं, आणि जानेवारी-जुलैच्या अंतरातला फरक त्यातूनच येतो.

अक्ष कललेला असल्यामुळे उन्हाळ्यात आपला भाग सूर्याच्या जवळ येतो, असं म्हटलं तर चालेल का?

चालणार नाही, कारण असं म्हणताना अंतराचीच कल्पना मागच्या दाराने आत येते. पृथ्वीचा अख्खा व्यास १२,७०० किलोमीटरच्या आसपास आहे. कलल्यामुळे एखादा भाग सूर्याकडे सरकला, तरी तो फार तर काही हजार किलोमीटर सरकेल. पंधरा कोटींपुढे हे काहीच नाही. महत्त्वाचं आहे ते ऊन जमिनीवर किती तिरपं पडतं आणि किती तास पडतं.

हा अक्ष वर्षभरात इकडून तिकडे कलत राहतो का?

नाही. तो २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर आकाशातल्या एकाच दिशेला रोखलेला राहतो. ती दिशा ध्रुव ताऱ्याच्या अगदी जवळची आहे. शहराच्या उजेडापासून थोडं लांब, समजा रामटेकच्या बाजूला गेलात, तर उत्तरेला क्षितिजापासून साधारण २१ अंश उंचीवर ध्रुव दिसतो. हात ताणून एकावर एक दोन मुठी धरल्या की तेवढी उंची होते. जानेवारीत बघा किंवा मे महिन्यात बघा, तो तिथेच सापडेल. अक्ष वर्षभरात डोलत असता, तर ध्रुव वर-खाली सरकलेला दिसला असता.

बदलते ती पृथ्वीची जागा. अक्षाची दिशा तीच ठेवून पृथ्वी सूर्याभोवती फिरते. त्यामुळे जूनमध्ये ती कक्षेच्या अशा बाजूला असते की उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. सहा महिन्यांनी ती समोरच्या बाजूला पोचते आणि तोच उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे झुकलेला राहतो.

मग नागपुरात प्रत्यक्ष काय बदलतं?

दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे सूर्याची दुपारची उंची. २१-२२ डिसेंबरला नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. मार्चच्या विषुवदिनी तो ६९ अंशांपर्यंत चढतो. २१ जूनला तो जवळजवळ थेट डोक्यावर, खरं तर डोक्याच्या दोन अंश उत्तरेला असतो. एक मीटर रुंदीचा उन्हाचा झोत ४५ अंशांनी आला, तर तो जमिनीवर १.४ मीटर रुंद पट्ट्यात पसरतो. तेवढंच ऊन जास्त जमिनीला वाटलं गेलं की दर चौरस मीटरच्या वाट्याला कमी येणार. म्हणूनच नागपुरात गच्चीवर सोलर पॅनल बसवणारे ते दक्षिणेकडे कलते बसवतात. हिवाळ्यातलं तिरपं ऊन तेव्हा पॅनलवर सरळ पडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी. डिसेंबर अखेरीस नागपुरात सूर्य १० तास ५० मिनिटांच्या आसपास वर असतो, तर जूनमध्ये सुमारे १३ तास २५ मिनिटं. जमीन तापायला अडीच तास जास्त, आणि रात्री निवायला तेवढेच कमी.

कलण्याचा वाटा किती आणि अंतराचा किती, हे आकड्यांत सांगता येईल?

येईल, आणि माझ्या मते या पानावरची सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. वातावरण आणि ढग क्षणभर बाजूला ठेवू. नागपूरच्या वर, हवेच्या वरच्या टोकाला, आडव्या ठेवलेल्या एक चौरस मीटर जागेवर एका दिवसात सूर्याकडून किती ऊर्जा येते, ते आपण वीजबिलातल्या युनिटमध्ये मोजू.

२१ जूनला ती साधारण ११ युनिट येते आणि २१ डिसेंबरला साधारण ६.९ युनिट. म्हणजे जूनमध्ये डिसेंबरच्या दीडपटीहूनही जास्त.

आता समजा पृथ्वीची कक्षा अगदी गोल आहे आणि सूर्य बरोबर मधोमध आहे. अंतर वर्षभर एकच राहील आणि फक्त कलणं उरेल. मग जूनला ११.४ युनिट येतील आणि डिसेंबरला ६.७. फरक कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच. म्हणजे आज अंतरामुळे आपला उन्हाळा किंचित सौम्य होतो आणि हिवाळा किंचित उबदार.

आता उलट करू. अंतर आज जसं बदलतं तसंच बदलू द्या, पण अक्ष सरळ उभा करा. नागपुरात मग वर्षभर दिवस-रात्र सारखे होतील आणि दुपारचा सूर्य रोज ६९ अंशांवर येईल. अशा पृथ्वीवर जानेवारीच्या सुरुवातीला साधारण १० युनिट येतील आणि जुलैच्या सुरुवातीला ९.४. जेमतेम अर्ध्या युनिटाहून थोडा जास्त फरक, आणि तोही उलटा, म्हणजे जुलैत थंड आणि जानेवारीत गरम. कलण्यामुळे पडणारा फरक पावणेपाच युनिटांचा आहे आणि अंतरामुळे पडणारा अर्ध्या-पाऊण युनिटाचा.

हे घरच्या गच्चीवर तपासता येतं का?

येतं, आणि त्यासाठी एक सरळ काठी, मोजपट्टी आणि दोन निरभ्र दिवस पुरतात. यातून पृथ्वीचा अक्ष किती कललेला आहे, तो आकडाच हाती येतो.

बरोबर एक मीटर काठी गच्चीवर उभी करा. ती ओळंब्यात असली पाहिजे आणि खालची जागा सपाट हवी. बहुतेक गच्च्यांना पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून पाणसळ लावून एक फळी आडवी करून घ्या आणि सावली तिच्यावर पडू द्या. मग दुपारी पावणेबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत जा. सगळ्यात आखूड सावली ती खऱ्या मध्यान्हीची. घड्याळात बारा वाजता ती मिळणार नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला ७९.१ अंशांवर आहे, त्यामुळे आपली मध्यान्ह २१-२२ डिसेंबरला साधारण १२ वाजून १२ मिनिटांनी होते आणि मार्चच्या विषुवदिनी १२ वाजून २१ मिनिटांनी.

हिशोबाने २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीची सावली ९८.६ सेंटिमीटर भरायला हवी, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच. २०-२१ मार्चला ती ३८.७ सेंटिमीटर भरेल. आता वहीत प्रमाणात काटकोन त्रिकोण काढा : उभी बाजू १० सेंटिमीटर, आडवी बाजू डिसेंबरसाठी ९.८६ सेंटिमीटर. काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजला, तर तो ४४.६ अंशांच्या जवळ येईल. मार्चच्या त्रिकोणात तो २१.२ अंशांच्या जवळ येईल. मार्चचा हा कोन म्हणजे नागपूरचा अक्षांश. दोन्हींची वजाबाकी केली की २३.४ उरतात, आणि पृथ्वीचा अक्ष तेवढाच कललेला आहे.

हाच प्रयोग जूनमध्येही करता आला असता, पण तोवर मोसमी ढग येतात, म्हणून डिसेंबर आणि मार्चची जोडी धरा. सावलीचं टोक धूसर दिसेल. सूर्य ठिपक्यासारखा नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे डिसेंबरात ही धूसर कड पावणेदोन-दोन सेंटिमीटरची असते. तिच्या मधोमध खूण करा. एका सेंटिमीटरची चूक झाली, तर डिसेंबरच्या कोनात तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी अंश फरक पडतो, तो चालेल. उत्तर २२ किंवा २५ आलं, तर काठी तिरकी होती किंवा फळी आडवी नव्हती, असं समजा.

शून्य सावली दिवस नागपुरात कधी असतो? आणि त्याचा नवतप्याशी काही संबंध आहे का?

नागपुरात तो वर्षातून दोनदा येतो, एकदा २६ मेच्या आसपास आणि पुन्हा १७ जुलैच्या आसपास. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायथ्यातच विरते. मे महिन्यात ही वेळ साधारण १२ वाजून ११ मिनिटांची असते. जुलैमध्ये ती १२ वाजून २० मिनिटांकडे सरकते, पण तेव्हा आभाळ मोकळं मिळणं नशिबावर असतं. दिल्लीकरांना हा दिवस कधीच बघायला मिळत नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही.

नवतपा २५ मेपासून, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की सुरू होतो. त्या दिवशी सूर्य साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर तळपत असतो, आणि नागपूर २१.१५ वर आहे. म्हणजे नवतप्याची सुरुवात आणि नागपूरच्या माथ्यावर सूर्य येणं या दोन गोष्टी सध्या जवळजवळ एकाच वेळी घडतात. ते नऊ दिवस तापतात म्हणणाऱ्या जुन्या माणसांच्या निरीक्षणात तथ्य आहे. मात्र तापवणारं रोहिणी नक्षत्र नाही. ते शेकडो प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेल्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवरचं एक ठिकाण आहे, त्या तारखांना सूर्य त्याच्या दिशेला दिसतो एवढंच. आणि नवतप्यात एखादा वळवाचा पाऊस झाला, तर पारा उतरतोही.

सूर्य २१ जूनला सगळ्यात उत्तरेला असतो, तर नागपूर मेमध्येच का जास्त तापतं?

कारण जूनच्या मध्यावर विदर्भात मोसमी पाऊस पोचतो. ढग ऊन अडवतात. जे ऊन खाली पोचतं, त्यातला बराच भाग ओल्या जमिनीतलं पाणी वाफ करण्यात जातो, हवा तापवायला कमी उरतो. मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत असते, ढग नसतात आणि सूर्य माथ्यावर असतो, म्हणून पारा ४५ च्या पुढे जातो. १७ जुलैला सूर्य पुन्हा तेवढाच माथ्यावर येतो, पण तेव्हा कुणी उन्हाबद्दल बोलत नाही. वरून किती ऊन येणार, हे अक्षाच्या कलण्यावर ठरतं. त्यातलं जमिनीच्या आणि हवेच्या वाट्याला किती येणार, हे ढग, पाणी आणि वारा ठरवतात.

मुंबईही जवळपास याच अक्षांशावर आहे. मग तिथे ना एवढा उन्हाळा, ना एवढी थंडी?

समुद्रामुळे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. नागपूरपासून समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर लांब आहे.

म्हणजे सूर्यापासूनच्या अंतराचा काहीच परिणाम होत नाही?

होतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. शिवाय सूर्याच्या जवळ असताना पृथ्वी कक्षेत वेगाने धावते आणि लांब असताना सावकाश. त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, आणि उरलेलं अर्धं वर्ष सुमारे १७९ दिवसांत संपतं. कॅलेंडर घेऊन मोजून बघा. आपल्या उत्तर गोलार्धाचा उन्हाळ्याचा अर्धा भाग आठवडाभराने मोठा आहे, तो असा.

एक गोष्ट ऐकून अनेकांना नवल वाटतं : संपूर्ण पृथ्वीचं सरासरी तापमान जानेवारीपेक्षा जुलैमध्ये जास्त असतं, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असताना. जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे, आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते.

अंतराचा जोर खरोखर दिसतो तो मंगळावर. त्याचा अक्ष सुमारे २५ अंश, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच कललेला आहे, पण कक्षा बरीच जास्त लांबट आहे. सूर्यापासूनचं त्याचं अंतर सुमारे २०.७ कोटींपासून २४.९ कोटी किलोमीटरपर्यंत बदलतं, आणि त्यामुळे उन्हात साधारण ४५ टक्क्यांचा फरक पडतो. मंगळाच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा म्हणून आखूड आणि प्रखर असतो. आपली कक्षा तशी असती, तर या पानावरची बरीच उत्तरं वेगळी लिहावी लागली असती.

उत्तरायण डिसेंबरात सुरू होतं, की संक्रांतीला?

दुपारच्या सावलीला विचारलं, तर २१-२२ डिसेंबरला. त्या दिवशी ती सगळ्यात लांब असते आणि दुसऱ्या दिवसापासून आखूड होऊ लागते. संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, कारण ती ताऱ्यांच्या संदर्भात मोजली जाते.

सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला घडत होत्या. अक्ष तेवढाच कललेला राहतो, पण त्याची दिशा फार सावकाश वर्तुळात फिरते. एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. माणसाच्या आयुष्यात ध्रुव जागेवरच दिसतो, पण ताऱ्यांवरून मोजलेले दिवस दर ७२ वर्षांनी ऋतूंच्या मानाने एका दिवसाने पुढे सरकतात. संक्रांत अशीच सरकत जानेवारीच्या मध्यापर्यंत आली आहे. नवतपाही याच हिशोबाने सरकतो आहे. त्याचा पहिला दिवस आज सूर्य नागपूरच्या माथ्यावर येण्याच्या दिवसाला लागून आहे. आणखी सातशे वर्षांनी तो त्याच्यापेक्षा आठ-नऊ दिवस उशिरा, जूनच्या सुरुवातीला येईल, आणि शून्य सावली दिवस मात्र २६ मेच्या आसपासच राहील.